रेशनकार्डावर घरचे, ॲपवर बाहेरचे!

शनिवारची रात्र. रूमवरचे सगळे जेवून बसलेत, टीव्ही लावलाय, सिरीजचा पुढचा भाग सुरू होणार आणि स्क्रीनवर इंग्रजीत एक वाक्य येतं. त्याचा अर्थ एवढाच, की ‘हा टीव्ही तुमच्या घराचा भाग नाही.’ अकाउंट पप्पांचं, पैसे घरचे, पासवर्ड बरोबर. मग अडतंय कुठे?

यानंतर काय होतं, तेही तुम्हाला माहीत आहे. एक जण म्हणतो पासवर्ड बदल, दुसरा म्हणतो ॲप काढून परत टाक, तिसरा म्हणतो मोठा प्लॅन घे. तिघांचंही ऐकून होतं आणि टीव्ही मात्र तसाच. कारण ‘लॉगिन होईना’ या एकाच तक्रारीमागे तीन वेगवेगळी कुलपं आहेत आणि प्रत्येकाची चावी वेगळी आहे. एका कुलपाची चावी दुसऱ्याला लागत नाही. वेळ आणि पैसे वाया जातात ते इथेच.

परभणीसारख्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींना हा प्रश्न जरा जास्तच छळतो. घर सेलूला, जिंतूरला नाहीतर गंगाखेडला, आपण वसमत रोडवरच्या रूमवर, ताई पुण्यात. कुटुंब एक, पत्ते तीन. आणि नियम बनवणाऱ्यांच्या डोक्यात मात्र एक घर, एक टीव्ही, एक वायफाय असंच चित्र आहे.

प्रेमाचं ट्विट ते घराची तपासणी

१० मार्च २०१७ ला नेटफ्लिक्सने एक ट्विट केलं होतं. पासवर्ड वाटून घेणं म्हणजेच प्रेम, अशा अर्थाचं. तेव्हा कंपनीला ग्राहक वाढवायचे होते, मालिका घराघरांत पोचवायच्या होत्या. एका पासवर्डवर चार घरं बघत असली तरी ती फुकटची जाहिरातच होती.

पाच वर्षांनी हिशोब बदलला. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं, की तीन महिन्यांत २ लाख ग्राहक कमी झाले. दहा वर्षांहून जास्त काळात असं पहिल्यांदाच घडलं होतं. त्याच वेळी अजून एक आकडा बाहेर आला. पैसे भरणारी घरं २२ कोटी २० लाख, आणि दुसऱ्याच्या पासवर्डवर बघणारी आणखी १० कोटी. म्हणजे नवे ग्राहक शोधायला लांब जायची गरजच नव्हती, ते आधीच आत बसलेले होते. फक्त तिकीट काढलेलं नव्हतं.

मग आधी चिली, पेरू, कोस्टा रिकामध्ये प्रयोग झाले, २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेसह शंभरहून जास्त देशांत नियम लागू झाला आणि २० जुलै २०२३ ला भारताचा नंबर लागला. ‘अकाउंट तुमच्यासाठी आणि तुमच्यासोबत राहणाऱ्यांसाठी आहे’ असे ईमेल इथल्या ग्राहकांना यायला लागले.

कंपनीला याचा फायदा झाला का? झाला. २०२३ च्या शेवटच्या तीन महिन्यांतच जगभरात १ कोटी ३१ लाख नवे ग्राहक आले. त्यामुळे ‘लोक चिडतील आणि नियम मागे घ्यावा लागेल’ ही आशा सोडून दिलेली बरी. उलट बाकीचेही त्याच वाटेने निघाले. प्राइम व्हिडिओने भारतात जानेवारी २०२५ पासून पाच डिव्हाइस आणि त्यात जास्तीत जास्त दोन टीव्ही असा नियम आणला.

एक गोष्ट आपल्याकडे मात्र वेगळी घडली. अमेरिकेत घराबाहेरच्या माणसाला महिन्याला जादा पैसे भरून त्याच अकाउंटमध्ये जोडता येतं. पंगतीत एक पाट जास्तीचा मांडावा, तसं. भारतात नियम आला, पण हा जादा पाट आला नाही. इथले दर आधीच कमी केलेत आणि अजून खूप लोक ग्राहक व्हायचे बाकी आहेत, असं कारण कंपनीने दिलं. याचा सरळ अर्थ: पुण्यातल्या ताईला पप्पांच्या अकाउंटमध्ये पैसे देऊनसुद्धा अधिकृतपणे जोडता येत नाही. एकतर ती घरची, नाहीतर तिचं अकाउंट वेगळं. मधली वाट नाही.

पहिलं कुलूप: एका वेळी किती जण?

हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जुनं. तुमच्या प्लॅनमध्ये एकाच वेळी किती स्क्रीन चालतील, याची मर्यादा असते. नेटफ्लिक्सवर Mobile आणि Basic प्लॅनला १, Standard ला २, Premium ला ४. त्यापेक्षा एक जास्त झाला, की Too many people are using your account right now असा संदेश येतो.

ओळखायचं कसं? हे कुलूप वेळेवर अवलंबून असतं. दुपारी चालतं, रात्री दहाला चालत नाही. घरी आई मालिका बघत असेल आणि ताई लॅपटॉपवर असेल, तर तिसऱ्या माणसाला थांबावं लागतं. इथे पासवर्ड बदलून काहीच होत नाही. घरच्या ग्रुपवर ‘कोण बघतंय?’ एवढं विचारलं तरी काम भागतं. कधीकधी कुणीच बघत नसतं तरी संदेश येतो. तेव्हा कुणीतरी टीव्ही रिमोटने बंद केलेला असतो, पण ॲप आत चालूच राहिलेलं असतं. ॲपमधून नीट बाहेर पडायचं, थोडी मिनिटं थांबायचं आणि परत लावायचं.

या कुलपाला मोठा प्लॅन ही चावी लागते. पण फक्त यालाच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरं कुलूप: किती डिव्हाइसवर लॉगिन?

इथे बघणं नाही, लॉगिन मोजलं जातं. जिओहॉटस्टारचा Mobile प्लॅन एका डिव्हाइसचा, Super दोनचा आणि Premium चारचा. प्राइम व्हिडिओचं वर सांगितलंच. पाच डिव्हाइस, त्यात टीव्ही दोनच.

हे कुलूप पडतं ते बहुतेक वेळा जुन्या सामानामुळे. विकून टाकलेला फोन, मामाच्या घरी दिवाळीत एकदा लॉगिन केलेला टीव्ही, आधीच्या रूमवरचा फायरस्टिक. तुम्ही विसरलात, ॲप विसरलेलं नाही. टीव्हीला लावलेली स्टिकसुद्धा टीव्हीतच मोजली जाते, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

चावी सोपी आहे. प्राइम व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Your Devices नावाची यादी असते. तिथे नको असलेल्या नावापुढे Deregister दाबलं, की जागा मोकळी होते. नेटफ्लिक्सवर लॉगिनची अशी ठरावीक मर्यादा नाही, पण ब्राउझरमध्ये अकाउंट उघडून Manage access and devices मध्ये गेलात, की अलीकडे कुठल्या डिव्हाइसवर अकाउंट वापरलं गेलं ते दिसतं आणि एकेकाला तिथूनच बाहेर काढता येतं. आत्ताच ही यादी उघडून बघा. अनोळखी नाव दिसलं, तर त्या डिव्हाइसला बाहेर काढून लगेच पासवर्डही बदला. नुसतं बाहेर काढलं आणि पासवर्ड तोच ठेवला, तर तो माणूस पाच मिनिटांत परत आत येतो.

तिसरं कुलूप: हे घर तुमचं का?

आता मुख्य गोष्ट. नेटफ्लिक्स ‘घर’ ठरवतं कसं?

तुमचं आडनाव बघून नाही, आधार बघून नाही आणि फोनच्या जीपीएसवरूनही नाही. कंपनी तीन गोष्टी बघते: इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता, प्रत्येक डिव्हाइसची स्वतःची ओळख आणि त्या अकाउंटवरून काय, कुठून वापर होतोय. घरच्या टीव्हीवरून एकदा Netflix Household ठरलं, की त्याच इंटरनेटवर चालणारी बाकीची डिव्हाइस घरची धरली जातात. एका अकाउंटला असं घर एकच.

म्हणजे ॲपला नातं कळत नाही, वायफाय कळतं. सेलूच्या घरातला भाडेकरू तुमच्या वायफायवर असेल, तर तो ‘घरचा’. आणि रेशनकार्डावर ज्याचं नाव आहे, निवडणुकीला मतदान करायला जो गावीच येतो, तो मुलगा परभणीत रूमवर असला की ‘बाहेरचा’.

आपल्या भागात यात अजून एक गुंता आहे. बऱ्याच घरी आणि जवळजवळ सगळ्याच रूमवर फायबर नसतं. टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. मोबाइल नेटवर्कवर जगाला दिसणारा आयपी पत्ता तुमच्या एकट्याचा नसतो. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आणि तो बदलतही राहतो. त्यात आज पप्पांच्या फोनचा हॉटस्पॉट, उद्या भावाच्या, सिमही वेगळ्या कंपन्यांची. टीव्ही जागचा हललेला नसतो, पण ॲपच्या नजरेत तो रोज घर बदलत असतो. त्यामुळे घरचाच टीव्ही ‘घरचा नाही’ ठरण्याची शक्यता हॉटस्पॉटवर जास्त. असं होत असेल, तर शक्यतो टीव्हीला नेहमी एकाच फोनचा हॉटस्पॉट द्या.

हे कुलूप ओळखायची खूण: ते मुख्यतः टीव्हीवर दिसतं आणि त्यात Netflix Household हे शब्द असतात. तोच पासवर्ड फोनवर चालतो, टीव्हीवर चालत नाही, असं झालं तर समजा तिसरंच कुलूप आहे.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा, घर सेलूला. पप्पांच्या नावावर ४९९ रुपयांचा Standard प्लॅन, घरी फायबर आणि टीव्ही. तुम्ही परभणीत चौघांच्या रूमवर, जुना घेतलेला स्मार्ट टीव्ही, हॉटस्पॉटवर. ताई पुण्यात, लॅपटॉपवर बघते. एका रात्री रूमवरच्या टीव्हीवर तो संदेश आला.

खाली दोन पर्याय दिसतात. एक Watch Temporarily, दुसरा Update Netflix Household. इथे घाई करायची नाही, कारण दोन्हींचे परिणाम अगदी उलटे आहेत.

पहिला पर्याय पाहुण्यासाठी आहे. तो दाबून Send Email किंवा Send Text निवडलं, की पप्पांच्या ईमेलवर किंवा फोनवर निरोप जातो. त्यातली लिंक उघडून कोड मिळवायचा, चार अंक तुम्हाला सांगायचे, तुम्ही टीव्हीवर टाकायचे. कोड १५ मिनिटांतच बाद होतो. म्हणून रात्री साडेअकराला, पप्पा झोपल्यावर हा उद्योग करून उपयोग नाही. आधी फोन करा, ते हातात फोन घेऊन बसलेत याची खात्री करा, मगच बटण दाबा. आणि हा पास तात्पुरता आहे. प्रवासासाठी, सुट्टीसाठी. रोज त्यावर रूम चालवायची म्हटलं, तर कधीतरी तो पर्याय मिळेनासा होतो.

दुसरा पर्याय घर बदलण्याचा आहे. त्यातही पप्पांकडे लिंक जाते, तीही १५ मिनिटांची. त्यांनी न वाचता होकार दिला, की काम झालं. तुमची रूम आता ‘घर’ झाली. रात्री मस्त सिरीज बघितली. दुसऱ्या दिवशी सेलूला आईने टीव्ही लावला, की तिला संदेश: हा टीव्ही तुमच्या घराचा भाग नाही! मग ती तिकडून घर परत बदलते आणि तुमचं बंद पडतं. घर एकच असल्यामुळे ही ओढाताण संपत नाही. सेलूचं घर परत ठरवायचं असेल, तर तिथल्या टीव्हीवर ॲपच्या मेनूत Get Help, त्यात Manage Netflix Household, इथून ते करता येतं.

आता ताईचं. ती लॅपटॉप आणि फोनवर बघते. तिच्यासाठी कंपनीचाच सल्ला असा आहे, की महिन्यातून एकदा घरच्या वायफायवर ॲप उघडायचं आणि मग दुसऱ्या ठिकाणी पोचल्यावर एकदा उघडायचं. म्हणजे सणावाराला सेलूला आली, की फोन चार्जिंगला लावून मोबाइल डेटा बंद करायचा, घरच्या वायफायवर काहीतरी पाच मिनिटं बघायचं. बहुतेक जण घरी आल्यावरही स्वतःच्याच डेटावर असतात, त्यामुळे ॲपला ते घरी आलेले कळतच नाहीत. आणि ती महिनोन्‌महिने घरी येणार नसेल, तर हा उपाय तिचा नाही. तिने वेगळं अकाउंट घेणंच सरळ.

राहिली तुमची रूम. तिथे रोजचा टीव्ही चालवायचाय, पाहुण्याचा पास पुरणार नाही. मग प्लॅन मोठा करायचा का?

६४८ आणि ६४९

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले. Mobile १४९, Basic १९९, Standard ४९९, Premium ६४९ रुपये महिना. (भरण्याआधी ॲपवर चालू दर एकदा बघून घ्या.) ‘अकाउंट चालत नाही’ म्हणून पप्पांनी ४९९ चा प्लॅन ६४९ चा केला, तर दोनाऐवजी चार स्क्रीन मिळतात. घर मात्र एकच राहतं. म्हणजे १५० रुपये जास्त भरून उघडलं पहिलं कुलूप, जे बंदच नव्हतं. तिसरं जसंच्या तसं.

त्याऐवजी घरचा ४९९ चा प्लॅन तसाच ठेवून ताईने १४९ चा Mobile घेतला, तर एकूण ६४८. एक रुपया कमी आणि प्रश्न कायमचा मिटला. अट एवढीच, की Mobile प्लॅन फक्त फोन आणि टॅबलेटवर चालतो, लॅपटॉप किंवा टीव्हीवर नाही, आणि चित्रही साधंच दिसतं. लॅपटॉप हवाच असेल तर १९९ चा Basic. काही रिचार्ज पॅकमध्ये नेटफ्लिक्स आधीच असतं. नवीन पैसे भरण्याआधी आपल्या चालू पॅकमध्ये काय येतं, ते बघायला विसरू नका.

आणि रूमचं? नियमात लिहिलंय ‘सोबत राहणारे’. नातेवाईक असं लिहिलेलं नाही. तुम्ही चौघं एकाच रूमवर, एकाच इंटरनेटवर राहता. म्हणजे नियमाच्या भाषेत तुम्हीच एक घर आहात! १९९ चा Basic चौघांत वाटला, तर डोक्याला पन्नास रुपयेसुद्धा पडत नाहीत. टीव्ही एक, स्क्रीन एक, भांडण एकच: रिमोट कुणाकडे. प्रत्येकाला आपापल्या फोनवर वेगळं बघायचं असेल, तर मात्र हा प्लॅन पुरणार नाही, कारण पहिलं कुलूप आडवं येईल. दोन स्क्रीनचा ४९९ वाला घेतला, तर प्रत्येकी सव्वाशे रुपये पडतात.

अशा रूमच्या अकाउंटला एक काळजी घ्यावी लागते. ईमेल आणि फोन नंबर अशा माणसाचा ठेवा, जो वर्षभर रूमवर राहणार आहे. कारण वर बघितलंत तसं प्रत्येक कोड त्याच्याकडेच जाणार. तो परीक्षा देऊन मार्चमध्ये गावी निघून गेला, तर उरलेले तिघं पैसे भरून बाहेर बसतात.

वेगळं अकाउंट घ्यायचं म्हटलं, की अजून एक अडचण येते. ‘माझी यादी, अर्धवट बघितलेले भाग, सगळं जाईल ना?’ जात नाही. नेटफ्लिक्सने ऑक्टोबर २०२२ पासूनच Transfer Profile ही सोय दिली आहे. घरच्या अकाउंटमधलं तुमचं प्रोफाइल, त्यातला इतिहास आणि यादीसकट, नव्या अकाउंटला नेता येतं. आधी पप्पांनी अकाउंटच्या सेटिंगमधून ही सोय चालू करायची, मग ब्राउझरमध्ये प्रोफाइलच्या चित्राखालच्या मेनूतून पुढे जायचं. कंपनीने पासवर्ड बंदीच्या कितीतरी आधी ही सोय आणली होती, यावरून तयारी किती आधीपासून चालली होती, ते कळतं.

पन्नास रुपयांचं प्रोफाइल

कुलूप पडलं, की टेलिग्रामवरचे ‘महिना ५०, वर्ष ३००’ वाले आठवतात. त्यात काय मिळतं, ते नीट समजून घ्या. तुम्हाला मिळतो दुसऱ्याच्याच अकाउंटचा पासवर्ड. तो त्या विक्रेत्याने घेतलेला असेल, नाहीतर कुणाचा तरी चोरलेला. दोन्हीत ईमेल आणि नंबर तुमचा नाही. टीव्हीवर घराचा संदेश आला, की कोड जातो अनोळखी माणसाकडे. तो १५ मिनिटांत उत्तर देतो का, हे तुमचं नशीब. खऱ्या मालकाने सगळी डिव्हाइस बाहेर काढली, की तुमचे पैसे संपले. तक्रार करायला पावती नाही, बिल नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तुमच्या पप्पांच्या फोनवर ‘कोड सांगा’ असा अनोळखी फोन किंवा मेसेज आला, तर? त्यांना सांगून ठेवा, की हा कोड फक्त आपल्याच माणसाने फोन करून मागितला तरच द्यायचा, आणि ईमेलमधल्या लिंकवर शंका आली तर ती न उघडता थेट ॲपमध्ये जाऊन बघायचं. घराच्या नियमामुळे आपल्या घरातल्या मोठ्यांना कोड पाठवायची सवय लागतेय. ती सवय भामट्यांच्याही कामाची आहे.

पैसे कापले गेले आणि सेवा चालूच झाली नाही, असं झालं तर मात्र गप्प बसू नका. आधी ॲपच्या मदत केंद्रात तक्रार, तिचा नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. फक्त तक्रार नेमकी करा. ‘लॉगिन होत नाही’ असं नाही, तर कुठल्या तारखेला, कुठल्या डिव्हाइसवर, नेमका काय संदेश आला, ते सांगा.

मग घर म्हणजे काय?

कंपनीची बाजू चुकीची आहे का? पूर्ण चुकीची नाही. चार घरांनी एकाचे पैसे भरायचे आणि चौघांनी बघायचं, हे कुठलाच दुकानदार कायम चालू देणार नाही. प्रश्न नियम असण्याचा नाही, तो कुणाला नजरेसमोर ठेवून केला याचा आहे. शिक्षणासाठी मुलं घराबाहेर असणं, ही मराठवाड्यातल्या घरांची नेहमीची स्थिती आहे, अपवाद नाही. आठवीपर्यंत गावात, बारावीपर्यंत तालुक्याला, पदवीला परभणी-नांदेडला, पुढे संभाजीनगर नाहीतर पुणे. दर शनिवारी डबा एसटीने येतो, पैसे घरून येतात, सणाला सगळे एकत्र असतात. या घराला चार भिंती नाहीत, म्हणून ते घर नाही असं थोडंच आहे?

विद्यार्थ्यासाठी एक जादा जागा, कमी दरात, त्याच अकाउंटमध्ये: एवढं दिलं तरी भारतातली बरीचशी ओढाताण संपेल. अमेरिकेत ती जागा विकत मिळते, इथे विकतही मिळत नाही. दर कमी केलेत हे उत्तर अर्धंच आहे, कारण प्रश्न दराचा कमी आणि पर्यायाचा जास्त आहे.

तोपर्यंत व्यवहार समजून करा. संदेश पूर्ण वाचा, कुलूप कुठलं ते ओळखा आणि मगच पाकिटाला हात लावा. आणि या रविवारी घरी गेलात, तर आईच्या टीव्हीवर घर नीट ठरलंय ना, अकाउंटला पप्पांचा चालू नंबरच जोडलाय ना, एवढं बघून या. पुढच्या वेळी कोड मागायला फोन कराल, तेव्हा तो जुन्या, बंद पडलेल्या सिमवर जायला नको.